मिठीत हात कुणाचा?

२०२५ च्या सप्टेंबरात पुष्कळांच्या स्टेटसवर एकाच धाटणीचे फोटो झळकत होते. आजचा मोठा माणूस आपल्याच लहानपणाला कवेत घेऊन उभा, मागे पांढरा पडदा, भोवती पोलरॉइडची जाड पांढरी चौकट. गूगलच्या जेमिनीत नुकतंच आलेलं ‘नॅनो बनाना’ हे चित्र बनवणारं मॉडेल त्यामागे होतं. त्याच्या आदल्या वर्षी क्लिंग, विडू अशा चिनी सेवांवर व्हिडिओची लाट येऊन गेली होती. दोन वेगवेगळे फोटो द्यायचे आणि त्यांतल्या माणसांची गळाभेट पाच सेकंदांत घडवून घ्यायची. अनेकांनी त्यात गेलेले आईवडील पुन्हा भेटवले.

अशा चित्रात पाहणारा आधी चेहरा बघतो, आणि चेहरा बहुतेक वेळा बरा जमलेला असतो. नजर हातांवर गेली की घोटाळा कळतो. वडिलांच्या खांद्यातून निघालेली बाही मुलाच्या मनगटात संपलेली असते. दोघांचे पांढरे शर्ट छातीपाशी एकच कापड झालेले असतात, कुठला कुणाचा सांगता येत नाही. व्हिडिओ असेल तर पाठीवर टेकलेला तळवा हळूहळू कमरेकडे घसरतो, पण शर्टाला एक सुरकुती पडत नाही. धावणारी माणसं, पडणारा पाऊस, सावल्या हे सगळं जमवणाऱ्या यंत्राला दोन माणसांचा साधा स्पर्श का जमू नये, आणि जमवायचा असेल तर काय करावं लागतं, हे समजून घ्यायला थोडं त्या यंत्राच्या आत डोकवावं लागेल.

उदाहरणासाठी वान २.१ घेऊ. अलीबाबाचं हे व्हिडिओ मॉडेल २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुलं झालं, त्यामुळे त्याची मापं जाहीर आहेत. त्याचा नेहमीचा लहान आकार म्हणजे ८३२ पिक्सेल रुंद आणि ४८० पिक्सेल उंच. सेकंदाला १६ फ्रेम, एकूण ८१ फ्रेम, म्हणजे साधारण पाच सेकंदांची क्लिप. पण मॉडेल पिक्सेलवर काम करतच नाही, तेवढं गणित परवडणारं नसतं. आधी चित्राचं एक आकसलेलं रूप तयार केलं जातं, ज्यात आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकोनाची एक चौकट होते. पुढे अशा चार चौकटींचा मिळून एक तुकडा धरला जातो. मॉडेलचा सगळा विचार या सोळा पिक्सेलांच्या तुकड्यांत चालतो.

आता दोन माणसं गुडघ्यापासून डोक्यापर्यंत दिसतील असं दृश्य मांडा. वर थोडी मोकळी जागा धरली तर ४८० पिक्सेलांच्या उंचीत साधारण १६० सेंटिमीटर बसतात, म्हणजे सेंटिमीटरला तीन पिक्सेल. मोठ्या माणसाचं बोट दीड-दोन सेंटिमीटर रुंद असतं. ते पडद्यावर पाच-सहा पिक्सेलांचं झालं, एका चौकटीपेक्षाही अरुंद. एका तुकड्यात जवळजवळ तीन बोटं मावतात. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांमधल्या अंतराहून बारीक नक्षी काढायला सांगितल्यासारखं आहे हे. एकट्या माणसाचा लोंबता हात असेल तर चालून जातं, कारण त्या तुकड्यात काय असायला हवं याचा एकच अंदाज असतो. हस्तांदोलनात त्याच तुकड्यात दोन माणसांची बोटं एकमेकांत अडकलेली असतात, आणि कुठलं कुणाचं हे नोंदवायला जागाच उरत नाही.

वेळेचंही तसंच. चार-चार फ्रेम एकत्र आकसल्या जातात, म्हणजे मॉडेलचा एक क्षण पाव सेकंदाचा. कुणी झटकन हात पुढे केला तर पाव सेकंदात तो सहज वीसेक सेंटिमीटर सरकतो. स्पर्शाच्या आधीची आणि नंतरची स्थिती त्याच एका क्षणात कोंबली जाते, आणि हात दुसऱ्याच्या दंडातून आरपार निघून जातो तो नेमका तिथे.

पण हे झालं बारकाव्याचं. जास्त पिक्सेल, मोठा संगणक घेतला की ही अडचण कमी होते, आणि झालीही आहे. त्याहून खोल अडचण अशी की मॉडेलला शरीर नावाची वस्तू माहीत नाही. ॲनिमेशन स्टुडिओत बनवलेलं त्रिमिती पात्र आतून हाडांचा सांगाडा आणि वर त्वचेची जाळी असं असतं. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचं २०१५ सालचं एसएमपीएल हे मानवी शरीराचं प्रसिद्ध प्रतिरूप घ्या, त्याची जाळी ६,८९० बिंदूंची आहे. दोन अशी शरीरं जवळ आणली तर एकाचा कुठला बिंदू दुसऱ्याच्या आत घुसला हे संगणक मोजून सांगू शकतो. चित्र बनवणाऱ्या मॉडेलकडे मोजायला असं काही नसतं. ते नुसत्या रंगीबेरंगी गोंधळापासून सुरुवात करतं आणि पायरीपायरीने तो गोंधळ कमी करत, ‘मिठी’ असं लिहिलेल्या फोटोंसारखं काहीतरी दिसेपर्यंत जातं. त्याने मिठ्यांचं दिसणं शिकलेलं आहे. हात दुसऱ्याच्या शरीरातून जाऊ शकत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि शिकलं तरी कशावरून? मिठीच्या फोटोत निम्मा स्पर्श कायम झाकलेला असतो. छाती छातीला लागलेली, दोन हात पलीकडे, एक चेहरा दुसऱ्याच्या मानेआड. फोटोखालचा मजकूर ‘दोघे मित्र भेटले’ इतकंच सांगतो. कुणाचा उजवा हात कुणाच्या डाव्या खांद्यावरून गेला, हे कोण लिहून ठेवतं? त्यामुळे मॉडेलच्या दृष्टीने मिठी म्हणजे दोन डोक्यांचा, कापडाने वेढलेला एक गोळा. गोंधळातून चित्र घडताना पहिल्या काही पायऱ्यांत ढोबळ मांडणी ठरते आणि बारकावे नंतर येतात. सुरुवातीलाच दोन धडांचा एक गोळा ठरला, की नंतरच्या पायऱ्या इमानेइतबारे त्या गोळ्यालाच बोटं आणि बटणं लावत बसतात.

यात यंत्राला फार नावं ठेवण्यात अर्थ नाही. खऱ्या माणसांच्या बाबतीतही हेच होतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘हायफोरडी’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. माणसांच्या २० जोड्यांना चहूबाजूंनी लावलेल्या कॅमेऱ्यांसमोर मिठी मारायला, नाचायला, झोंबायला लावून त्यांनी १०० प्रसंग त्रिमितीत टिपले. दोघं दूर असताना दोन वेगळे आकार मिळत. जवळ आले की स्कॅनमधून एकच जोडलेला आकार बाहेर पडे. तो वेगळा करण्यासाठी त्यांनी प्रत्येक माणसाचं स्वतंत्र डिजिटल शरीर आधी तयार केलं, आणि मग त्या जोड-आकारात ही दोन ओळखीची शरीरं बसवत नेली. आधी दोघं वेगवेगळे पक्के ठाऊक हवेत, तरच एकत्र आल्यावर सोडवता येतात. मिठीचं चित्र नीट बनवणारे लोकही, जाणून असोत वा नसोत, हेच करतात.

समजा, एका घरात आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी छोटी फिल्म बनवायची आहे. आजोबा आणि परगावी असलेला त्यांचा धाकटा भाऊ यांचे दोन स्वतंत्र फोटो आहेत, दोघांची संमतीही आहे, आणि त्यांची गळाभेट दाखवायची आहे. नवखा माणूस दोन्ही फोटो टाकतो, ‘दोघे धावत येऊन एकमेकांना घट्ट मिठी मारतात’ असं लिहितो आणि बटण दाबतो. पहिले दोन सेकंद छान जातात. मग दोघं आदळतात आणि सगळं विरघळतं. पुन्हा बटण दाबलं की वेगळ्या तऱ्हेने विरघळतं. यात पैसे आणि संध्याकाळ दोन्ही जातात, कारण स्पर्श कुठे आणि कसा होणार हा सगळ्यात अवघड निर्णय यंत्रावर सोडलेला असतो, तोही हलत्या चित्रात.

तो निर्णय आधी आपण घ्यायचा असतो, आणि सुरुवात होते कॅमेरा कुठे ठेवायचा इथून. बाजूने पाहिलेली मिठी सगळ्यात अवघड. दोघांचे दोन हात पूर्ण दिसतात, उरलेल्या दोन हातांची फक्त बोटं कडेने डोकावतात, आणि डोकी आपापल्या डाव्या बाजूला झुकली असतील तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या पुढे येऊन त्याचा चेहरा झाकतं. म्हणजे बाजूने पाहताना दोन्ही हसरे चेहरे पूर्ण दिसणं शक्यच नसतं. तसे हवेत म्हणून हट्ट धरला की मॉडेल कुणाची तरी मान मोडून ते देतं. सोपी जागा म्हणजे धाकट्या भावाच्या पाठीमागे. तिथून भावाची पाठ दिसते, तिच्यावर आजोबांचे दोन तळवे, आणि भावाच्या खांद्यावर टेकलेला आजोबांचा चेहरा. भावाचे दोन्ही हात पलीकडे, साफ झाकलेले. दिसणारे स्पर्श फक्त तीन, तेही एकाच सपाट कापडावर.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. समोरच्याला मिठी मारून त्याच्या पाठीवर आपण तळवे टेकतो तेव्हा दोन्ही अंगठे वरच्या बाजूला असतात. एखाद्या हाताचा अंगठा खाली दिसला, तर उजव्या दंडाला डावा पंजा लागला आहे असं समजावं. मॉडेल ही चूक वारंवार करतं आणि घाईत ती दिसत नाही, कारण बोटं पाचच असतात.

मग कपडे. दोघांनाही पांढरे सदरे असले तर कापड मिसळणार हे जवळजवळ ठरलेलं, कारण मॉडेलमधले तुकडे एकमेकांकडे ‘पाहून’ आपला रंग ठरवतात आणि सारखे दिसणारे शेजारी एकमेकांत ओढले जातात. आजोबांना पांढरा सदरा दिला तर भावाला गडद निळा किंवा तपकिरी शर्ट द्यावा, आणि बाहीची लांबीही वेगळी ठेवावी, म्हणजे हात कुठे संपतो आणि पाठ कुठे सुरू होते ते यंत्रालाही कळतं. चौकडीचा शर्ट टाळलेला बरा, चौकडीच्या रेषा प्रत्येक फ्रेममध्ये वळवळतात. त्यापेक्षा खांद्यांखालून आडवी गेलेली एक ठळक शिवण असलेला साधा शर्ट उत्तम. ती शिवण पुढे तपासणीला उपयोगी पडते.

यानंतर व्हिडिओ नव्हे, एक स्थिर चित्र बनवायचं, मिठी पूर्ण झालेल्या क्षणाचं. एका चित्राला काही सेकंद लागतात, त्यामुळे दहा-वीस बनवून एक निवडणं परवडतं. निवडताना चेहऱ्यापेक्षा हात बघायचे. प्रत्येक पंजापासून मनगट, कोपर, खांदा असं बोटाने मागे मागे जायचं आणि तो कुणाच्या धडापाशी पोचतो ते पाहायचं. वाट मध्येच झाकली गेली तर हरकत नाही, पण पलीकडे जिथून ती पुन्हा निघते ती जागा पटली पाहिजे. शिवाय स्पर्शाच्या रेषेवर बारीकशी गडद सावली हवी आणि तळव्याखाली कापड किंचित दबलेलं हवं. ही सावली नसेल तर दोघं एकमेकांवर चिकटवलेल्या कागदी चित्रांसारखे वाटतात. विलगपणा जपायच्या नादात हा उलटा दोषही होतो, दोन माणसांमध्ये हवेची एक फट राहते आणि मिठी पोकळ दिसते.

चित्र बरं असून एखादा पंजा बिघडला असेल तर तेवढ्या भागावर मास्क रंगवून तोच पुन्हा बनवून घेता येतो. हे करताना एक आकडा हाताशी असतो, जुनं किती मोडायचं हे सांगणारा, शून्य ते एकच्या मधला. साधारण ०.३ ठेवला तर नखं आणि सुरकुत्या सुधारतात. हात चुकीच्या माणसाचा असेल तर त्याने काही होत नाही, ०.६ च्या पुढे जावं लागतं, कारण मालकी ढोबळ मांडणीतच ठरलेली असते. आणि तो भाग मोठा करून रंगवून घ्यावा. २०० पिक्सेलांचा चौकोन कापून १,००० पिक्सेलांचा केला, तिथे हात बनवला आणि पुन्हा लहान करून बसवला, तर मगाशी एका चौकटीत कोंबलेल्या बोटाला तीन-चार चौकटी मिळतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फक्त मास्कपुरता भाग मोठा करून रंगवण्याची सोय असते.

इतकं करून नीट झालेलं चित्र व्हिडिओत गेल्यावर पुन्हा लहान होणार, हे मात्र विसरू नये. स्थिर चित्रात कमावलेली बोटं ४८० पिक्सेलांच्या उंचीत परत पाच पिक्सेलांची झाली तर मेहनत वाया. म्हणून कॅमेरा जवळ न्यावा. ७२० पिक्सेलांच्या उंचीत फक्त कंबरेपासून डोक्यापर्यंतचे ८० सेंटिमीटर घेतले तर सेंटिमीटरला नऊ पिक्सेल मिळतात आणि बोट पंधरा पिक्सेलांचं होतं, म्हणजे जवळजवळ दोन चौकटींचं. फार नाही, पण निभावतं.

आता हालचाल. या चित्रापासून व्हिडिओ सुरू करायचा आणि मागणी अगदी थोडी करायची: कॅमेरा स्थिर, दोघं एकत्रच किंचित डोलतात, श्वास चालू, आजोबा डोळे मिटतात. पाठीवर थोपटणं मागू नये, कारण प्रत्येक थापेला स्पर्श तुटतो आणि नव्याने जुळवावा लागतो. मिठी सुरू होतानाचा क्षण हवाच असेल तर एक युक्ती आहे. मॉडेलला दिलेल्या पहिल्या चित्राशी ते सगळ्यात इमानी असतं. म्हणून मिठीचं चित्र पहिलं द्यायचं आणि ‘दोघं हळूहळू हात सोडवून अर्धं पाऊल मागे होतात’ असं सांगायचं. मिळालेली क्लिप उलटी चालवली की दोघं जवळ येऊन मिठी मारतात. उलटी करायला एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i mithi.mp4 -vf reverse -an ulat.mp4
```

याला मर्यादा आहेत. दूर होताना झाकलेला चेहरा उघडा पडतो आणि तो मॉडेल मनाने रंगवतं. धाकटा भाऊ वळला की कुणी तिसराच निघतो. त्यावर काही सेवांमध्ये पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही चित्रं देण्याची सोय असते, ती वापरावी. उलटी क्लिप कपड्यांतही पकडली जाते. लोंबणारं उपरणं, उडणारे केस, पडणारा अश्रू यांतलं काहीही असेल तर ते वर जाताना दिसेल. चालणं तर उलटं लपतच नाही, म्हणून अर्ध्या पावलापलीकडे जाऊ नये.

माझं मत विचाराल तर जुळण्याचा क्षण दाखवूच नये. पहिल्या शॉटमध्ये आजोबा हात पसरून दोन पावलं पुढे येतात. तिथे कट. दुसऱ्या शॉटमध्ये मिठी झालेलीच आहे आणि दोघं डोलताहेत. मधला अर्धा सेकंद पाहणाऱ्याचं मन भरून काढतं. सिनेमावाले खऱ्या नटांबरोबरसुद्धा हेच करत आले आहेत, आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी पात्रांच्या मिठ्या कॅमेरा वळवून किंवा कुणाच्या खांद्याआड लपवून वर्षानुवर्षं निभावल्या आहेत.

क्लिप हाती आली की ती चालवून बघू नये, फ्रेमफ्रेमने बघावी. व्हीएलसी प्लेअरमध्ये क्लिप थांबवून E हे बटण दाबत राहिलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. इथे ती शिवण कामाला येते. पहिल्या फ्रेममध्ये आजोबांच्या मधल्या बोटाचं टोक शिवणीपासून किती खाली आहे ते पाहायचं आणि शेवटच्या फ्रेममध्ये पुन्हा पाहायचं. खऱ्या मिठीत तळवा कापडाला धरून राहतो. माणसं हलली तरी बोट आणि शिवण मिळून हलतात, आणि फरक पडलाच तर कापड गोळा होऊन सुरकुती पडते. कुणी पाठीवरून हात फिरवला तर घसरणं खरंच होतं, पण तिथेही तळव्यापुढे चुण्या सरकत जातात. चुणी नाही, सावली हलली नाही आणि बोट मात्र शिवणीपासून चार बोटं दूर गेलं, तर तो स्पर्श सुटलेला आहे. बहुधा हे क्लिपच्या शेवटच्या भागात होतं, पहिल्या चित्राची पकड तिथे सैल झालेली असते. म्हणून पाच सेकंदांतले पहिले तीन ठेवून बाकीचे कापणं हा वाईट सौदा नाही.

हस्तांदोलनाची गोष्ट वेगळी, तिथे लपवायला काही नसतं. पण नेमकं काय दिसायला हवं हे ठाऊक असलं तर चूक लगेच सापडते. दोन माणसं समोरासमोर, आपण बाजूने पाहतोय. पडद्यावर डावीकडे उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या बाजूला येतो, उजवीकडच्याचा उजवा हात पलीकडे. म्हणून आपल्याला डावीकडच्याच्या पंजाची पाठ दिसते. तिच्यावर वरून आलेला अंगठा उजवीकडच्याचा असतो, आणि खालून वळून आलेली बोटांची टोकंही त्याचीच. डावीकडच्याची चारही बोटं पलीकडे झाकलेली. म्हणजे नीट हस्तांदोलनात आपल्याकडच्या बाजूला एकाच माणसाची बोटं दिसतात. दोघांची बोटं दिसायला लागली, दोन अंगठे एकाशेजारी एक पडले, किंवा उजवीकडच्याने आपल्या बाजूचा हात, म्हणजे डावा, पुढे केला, की गडबड झाली. हलवतानाही दोन्ही मनगटं एकाच वेळी वरखाली जायला हवीत. मॉडेलच्या चित्रात पुष्कळदा एकच हात हलतो आणि दुसरा त्यातून निसटत राहतो.

सांगाड्याच्या रेषा देऊन मॉडेलला वळण लावण्याची एक पद्धत २०२३ पासून रुळली आहे, कंट्रोलनेट नावाने. माणसाचे सांधे बिंदूंनी दाखवायचे आणि चित्र त्यावर बेतायचं. एकट्या माणसाला ती छान चालते. मिठीत मात्र सांगाडा अपुरा पडतो, कारण दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा पुढची कुठली हे त्यात नसतं, शिवाय झाकलेले सांधे शोधताना सॉफ्टवेअर स्वतःच एकाचं कोपर दुसऱ्याला देऊन बसतं. त्याऐवजी खोलीचा नकाशा द्यावा, म्हणजे जवळचं उजळ आणि लांबचं काळं दाखवणारं करडं चित्र. तो मिळवायची सर्वांत साधी वाट म्हणजे घरातल्या दोघांना त्याच कोनातून मिठी मारायला लावून फोनवर चित्रण करणं. त्यावरून नकाशा काढून देणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. कुणाचा हात पुढे आणि कुणाचा मागे हा प्रश्न मग खऱ्या शरीरांनीच सोडवलेला असतो. मॉडेलकडे उरतं ते फक्त चेहरे आणि कपडे रंगवणं. फक्त अभिनय करणाऱ्या दोघांच्या उंचीत आणि अंगलटीत खऱ्या जोडीइतकाच फरक असावा, नाहीतर आजोबांना नातवाचे दंड येतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की फिरत आलेला व्हिडिओ खोटा आहे का हे आता मिठी पाहून ओळखता येईल. काही अंशी येतं. दोन मोठ्या माणसांच्या गळाभेटीचं छायाचित्र फिरत असेल तर चेहरे सोडून पंजे, मनगटं, बाह्यांची टोकं बघावीत. तिथे मालकी लागत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. पण दोन्ही बाजूंनी सावध राहायला हवं. नवी मॉडेलं यात भराभर सुधारत आहेत, आणि वर सांगितलेली मेहनत कुणी घेतली असेल तर काही सापडणार नाही. उलट अस्सल फोटोही फसवतात. एकाच रंगाचे कपडे आणि विचित्र कोन यांमुळे पाय कुणाचे हे न कळणाऱ्या खऱ्या मिठीच्या फोटोंवर लोक आधीपासूनच डोकं खाजवत आले आहेत. व्हॉट्सॲपवरून चार ठिकाणी फिरलेल्या व्हिडिओत तर दाबून लहान केल्यामुळे बोटं तशीही मिसळतात.

आपल्याकडच्या काही भेटी मिठीहून अवघड आहेत. वाकून पाया पडतानाच्या चित्रात हाताची बोटं आणि पायाची बोटं एकत्र येतात, दोन्ही त्वचेच्याच रंगाची, आणि तीही फ्रेमच्या तळाशी. त्यात मान खाली असल्याने पदर किंवा केस पुढे पडतात. इथे पाठीमागून, वाकलेली पाठ आणि आशीर्वादाचा हात एवढंच दाखवणारा शॉट घ्यावा. फुगडीत तर फुली मारून धरलेले चार हात, मागे झुकलेली दोन शरीरं आणि गरगर फिरणं एकत्र येतं. पाव सेकंदात दोघी बऱ्याच वळून जातात, म्हणजे मॉडेलच्या एकाच क्षणात समोरचा चेहरा बाजूला वळलेला असतो. कॅमेरा जवळ नेऊन उपयोग नाही, उलटी चालवून नाही, सावकाश मागितली तर ती फुगडी राहत नाही. ती सरळ दोन मुलींना अंगणात उभं करून फोनवर टिपावी.